होडी किती सरकली, होडी किती वळली: एकाच दोराने समजून घेऊ डॉट आणि क्रॉस प्रॉडक्ट

पावसाळा तोंडावर आला की आमच्या मालवणकडच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढायचं काम निघतं. होडीच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेला दोर बांधायचा, खाली ओंडके टाकायचे आणि चार-पाच जणांनी मिळून वाळूवरून माडांपर्यंत खेचत न्यायची. मग ती झापांनी शाकारून ठेवली की नारळी पौर्णिमेपर्यंत तिच्याकडे बघायला नको. या ओढाओढीत एक आरोळी हमखास ऐकू येते: "अरे, होडी फिरता हा, दोर सरळ धरा!"

अकरावीच्या मुलांना सदिशांचा धडा शिकवताना मी गेली काही वर्षं याच आरोळीपासून सुरुवात करतो. दोर तिरका ओढला की दोन गोष्टी होऊ शकतात, होडी पुढे सरकते आणि होडी वळते. दोर एकच, बलही एकच. पण 'सरकवायला किती कामी आलं?' हा एक प्रश्न आणि 'वळवायला किती कामी आलं?' हा दुसरा. पहिल्याचं उत्तर डॉट प्रॉडक्ट देतो, दुसऱ्याचं क्रॉस प्रॉडक्ट. व्याख्या आधी पाठ केल्या तर cos कुठे आणि sin कुठे हा गोंधळ बारावीपर्यंत सुटत नाही. म्हणून आपण एकच होडी घेऊ आणि तिलाच शेवटपर्यंत धरून राहू.

आधी दिशा ठरवा

वहीत आकृती काढताना सगळ्यात आधी तीन दिशा लिहून टाका. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे होडी ओढायची ती पूर्वेकडे. पूर्व म्हणजे x, उत्तर म्हणजे y आणि आभाळाकडे वर म्हणजे z. त्या दिशांचे एकक सदिश अनुक्रमे i, j, k. हा क्रम बदलायचा नाही. पूर्वेकडून उत्तरेकडे बोटं वळवली तर उजव्या हाताचा अंगठा वर येतो, आणि क्रॉस प्रॉडक्टचं सगळं गणित याच क्रमावर उभं आहे. कुणी सोयीसाठी y दक्षिणेकडे घेतला आणि z मात्र वरच ठेवला, तर टॉर्कची, म्हणजे बलाच्या वळवण्याच्या परिणामाची, चिन्हं उलटी येतील आणि चूक कुठे झाली ते सापडणार नाही.

आता बल. सरळ पूर्वेला वाटेत दुसरी होडी उभी आहे, म्हणून माणसं जरा उत्तरेकडे सरकून ओढताहेत असं समजा. एकूण ओढ ५०० न्यूटन, पूर्वेपासून उत्तरेकडे सुमारे ३७ अंश. ३७ अंशांचा cos ०.८ आणि sin ०.६, म्हणून:

```
F = 400 i + 300 j   (N)
```

ओढीतले ४०० न्यूटन पूर्वेकडे आणि ३०० न्यूटन उत्तरेकडे. हे दोन आकडे लक्षात ठेवा. पुढे यांतला एक एका प्रश्नात कामाला येईल आणि दुसरा दुसऱ्या प्रश्नात.

पहिला प्रश्न: होडी सरकली, कार्य किती झालं?

होडीच्या तळाचं लाकूड वाळूत स्वतःची घळ पाडून त्यात बसलं आहे. त्यामुळे दोर तिरका असला तरी होडी घळीतून सरळ पूर्वेकडेच जाते. ती ६ मीटर सरकली.

```
d = 6 i   (m)
```

कार्य म्हणजे बलाचा विस्थापनाच्या दिशेतला भाग गुणिले विस्थापन. डॉट प्रॉडक्ट नेमकं हेच काढतो. घटक माहीत असतील तर जोडीला जोडी लावायची, म्हणजे x ला x, y ला y, z ला z, आणि बेरीज करायची.

```
W = F · d = (400)(6) + (300)(0) = 2400 J
```

कोनाने करायचं तर ५०० × ६ × ०.८, म्हणजे तेच २४०० ज्यूल. परीक्षेत दोन्ही रीतींनी ताळा पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही.

उत्तरेकडच्या ३०० न्यूटनांचं काय झालं? ते वाया गेले म्हणणं बरोबर नाही. घळीच्या कडेने होडीला दक्षिणेकडे तितकंच ढकललं आणि हिशेब तिथेच मिटला. गंमत अशी की वाळूच्या या बाजूच्या बलाचं कार्यही शून्यच आहे, कारण ते विस्थापनाशी काटकोनात आहे. बल कितीही मोठं असो, काटकोनात असलं की डॉट प्रॉडक्ट शून्य.

वाळूचं घर्षण मात्र थेट उलट, पश्चिमेकडे. ते ३८० न्यूटन धरलं तर त्याचं कार्य (−३८०) × ६, म्हणजे −२२८० ज्यूल. ही उणे खूण मुलं 'घर्षणाचं कार्य' असं शीर्षक देऊनही खुशाल गाळतात. उणेचा अर्थ एवढाच की घर्षण होडीची ऊर्जा काढून घेतं. दोराने २४०० दिले, वाळूने २२८० काढले, होडीच्या वाट्याला १२० ज्यूल गतीच्या रूपात राहिले.

उत्तरात फक्त आकडा आला, दिशा आली नाही, हेही नीट पाहून ठेवा. 'पूर्वेकडे २४०० ज्यूल' असं काही नसतं. कुणी कार्याच्या उत्तराला i लावला असेल तर डॉटच्या जागी त्याने नुसती गुणाकाराची सवय चालवली आहे.

दुसरा प्रश्न: होडी वळली, टॉर्क किती?

आता प्रसंग बदलू. होडीचं मागचं टोक ओल्या वाळूत रुतलं आहे. पुढचा भाग ओंडक्यांवर असल्यामुळे मोकळा. ओढ तीच, ५०० न्यूटन, त्याच दिशेने. होडी आता सरकत नाही, रुतलेल्या टोकाभोवती फिरायला बघते. 'फिरता हा' ही आरोळी इथलीच.

इथे विस्थापन विचारायचं नाही. विचारायचं ते असं: ज्या बिंदूभोवती वळणार तिथून, बल जिथे लागलं आहे तिथपर्यंत जाणारा सदिश कोणता? त्याला r म्हणतात. होडी ५ मीटर लांब आणि सध्या नाळ पूर्वेकडे, म्हणून:

```
r = 5 i   (m)
τ = r × F = (5)(300) k − (0)(400) k = 1500 k   (N·m)
```

सपाट आकृतीत लक्षात ठेवायचं सूत्र एवढंच: r चा x गुणिले F चा y, वजा r चा y गुणिले F चा x. क्रॉसमध्ये जोड्या तिरक्या लागतात. स्वतःच्या दिशेशी जोडी कधीच नाही.

आणि आता ते दोन आकडे बघा. सरकवण्यात ४०० कामी आले होते आणि ३०० चा उपयोग शून्य होता. वळवण्यात ३०० कामी आले आणि ४०० चा उपयोग शून्य, कारण पूर्वेकडची ओढ होडीच्या लांबीतूनच जाते. ती रुतलेलं टोक उपटायला बघेल, होडी वळवणार नाही. डॉट 'सोबत किती' मोजतो, क्रॉस 'आडवं किती' मोजतो. cos आणि sin पाठ करायची गरज इथेच संपते.

टॉर्कची दिशा k, म्हणजे वर. यावर दरवर्षी कुणीतरी विचारतं की होडी वर उडते का. नाही. वर आहे तो फिरण्याचा अक्ष. उजव्या हाताची बोटं r च्या दिशेने, म्हणजे पूर्वेकडे धरा, F कडे, म्हणजे उत्तरेच्या अंगाने वळवा, अंगठा वर. वरून पाहणाऱ्याला होडी घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरताना दिसेल, नाळ उत्तरेकडे जाईल. माणसं उत्तरेकडे उभी आहेत, नाळ त्यांच्याकडेच येते. उत्तर डोळ्यांना पटतं. क्रम उलटा लावून F × r केलं तर −१५०० k येतं आणि नाळ दक्षिणेकडे, ओढणाऱ्यांपासून लांब पळते. डॉटमध्ये क्रम कसाही चालतो, क्रॉसमध्ये r आधी, F नंतर.

या दोन गुणाकारांची ताटातूट तशी उशिरा झाली. हॅमिल्टनने १८४३ मध्ये क्वाटर्निअन नावाच्या चार घटकांच्या संख्या मांडल्या तेव्हा दोन्ही भाग एकाच गुणाकारात गुंतलेले होते. १८८० च्या दशकात येल विद्यापीठात शिकवताना गिब्ज यांनी विद्यार्थ्यांसाठी टिपणं छापली आणि त्यांत हे दोन गुणाकार वेगवेगळे मांडले. आज आपण गोंधळतो त्याचा दोष त्यांच्यावर ढकलता येणार नाही. त्यांनी गुंता सोडवूनच दिला होता.

कोन नेमका कुठला?

वरच्या दोन्ही गणितांत कोन ३७ अंशच होता, पण तो योगायोग आहे. d पूर्वेकडे होता आणि r सुद्धा पूर्वेकडे. कार्यात कोन F आणि d यांच्यामधला, टॉर्कमध्ये कोन r आणि F यांच्यामधला. नाळ थोडी वळली की r बदलतो, कोन बदलतो. दोन्ही उत्तरांत तोच θ टाकायची सवय इथे आपटते.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. दोन सदिशांमधला कोन मोजताना दोघांच्या शेपट्या एका बिंदूवर आणाव्या लागतात. r बाण नाळेशी संपतो आणि F तिथून सुरू होतो. आकृतीत नाळेपाशी होडी आणि दोर यांच्यामधला कोन सरळ वाचला तर तो १४३ अंश दिसतो. टॉर्कमध्ये ही चूक लपून राहते, कारण sin १४३° आणि sin ३७° सारखेच. कार्यात मात्र तीच चूक केली तर cos उणे येतो आणि २४०० चे −२४०० होतात. होडी ओढीच्या बाजूला सरकली असूनही कार्य उणे आलं, तर आधी कोन पुन्हा मोजा.

वळता वळता टॉर्क संपतो

दोर लांब आहे, म्हणून ओढीची दिशा तीच राहते असं धरू. होडी वळत वळत अशा जागी आली की नाळ रुतलेल्या टोकापासून ४ मीटर पूर्वेला आणि ३ मीटर उत्तरेला आहे. लांबी अजूनही ५ मीटरच.

```
r = 4 i + 3 j
τ = [(4)(300) − (3)(400)] k = 0
```

होडी आता दोराच्या रेषेत आली. ५०० न्यूटन पूर्ण जोराने ओढताहेत आणि टॉर्क शून्य. आणखी वळली असती, समजा ३ मीटर पूर्वेला आणि ४ मीटर उत्तरेला गेली असती, तर ९०० वजा १६००, म्हणजे −७०० k आला असता; दोराने तिला परत मागे आणलं असतं. 'दोर सरळ धरा' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला हे गणित न मांडताही माहीत असतं: दोर आणि होडी एका रेषेत असली की ती फिरत नाही.

इथेच आणखी एक गोष्ट बोलून टाकतो. टॉर्क कुठल्या बिंदूभोवती काढला हे न लिहिता नुसता आकडा लिहिला तर तो अर्धवट आहे. तोच दोर, तीच ओढ, पण बिंदू नाळेवरच घेतला तर r शून्य आणि टॉर्कही शून्य. कार्यासाठी असा बिंदू निवडावा लागत नाही.

दोर जरा वरही खेचत असेल तर

खरं तर नाळ खाली असते आणि माणसांच्या हातातला दोर खांद्याशी. म्हणजे बलात थोडा वरचा भाग येतोच. तो १०० न्यूटन धरू आणि होडी पुन्हा पूर्वेकडे तोंड करून ठेवू.

```
F = 400 i + 300 j + 100 k
r = 5 i
```

घळीतून ६ मीटर सरकण्याचं या दोराचं कार्य काढलं तर ते अजूनही २४०० ज्यूल, कारण वरच्या १०० ची जोडी विस्थापनातल्या शून्याशी लागते. टॉर्कसाठी मात्र तीन ओळींचा निर्धारक मांडावा लागतो. पहिल्या ओळीत i, j, k, दुसऱ्या ओळीत r, तिसऱ्या ओळीत F. मधल्या पदाला उणे खूण असते आणि घाईत सगळ्यात जास्त सुटते ती हीच.

```
i : (0)(100) − (0)(300) = 0
j : −[(5)(100) − (0)(400)] = −500
k : (5)(300) − (0)(400) = 1500
τ = −500 j + 1500 k   (N·m)
```

−५०० j चा अर्थ लावून बघा. अंगठा दक्षिणेकडे धरला तर उजव्या हाताची बोटं पूर्वेकडून वर वळतात, म्हणजे पूर्वेकडची नाळ वर उचलली जाते. दोर वर खेचतोय, नाळ उचलली जाणारच. उणे खूण गाळली असती तर उत्तराने सांगितलं असतं की वर ओढल्यावर नाळ वाळूत घुसते. असलं उत्तर आलं की मधलं पद तपासा.

आकड्यांतूनही खात्री करता येते, आणि तीही डॉट प्रॉडक्टनेच. क्रॉसचं उत्तर r आणि F या दोघांशी काटकोनात असायलाच हवं, म्हणून दोघांशी डॉट घेतला की शून्य यायला हवा. r शी: ५ गुणिले ० म्हणजे शून्य. F शी: ३०० गुणिले −५०० म्हणजे −१५००००, आणि १०० गुणिले १५०० म्हणजे +१५००००. बेरीज शून्य. चिन्ह चुकलं असतं तर इथे तीन लाख आले असते.

दोघांचं एकक एकच, मग?

"सर, दोघांचा युनिट न्यूटन-मीटरच आसा, मगे १५०० ज्यूल लिवलंय तर काय बिघाडला?" मागच्या वर्षी एका मुलाने विचारलेला हा प्रश्न मला आवडला होता. बिघडतं ते असं. कार्यातला मीटर बलाच्या सोबतीने गेलेला असतो, टॉर्कमधला मीटर बलाला आडवा उभा असतो. रुतलेली होडी तसूभरही हलली नाही तरी १५०० न्यूटन-मीटर टॉर्क तिच्यावर आहेच. ऊर्जा मात्र एक ज्यूलही गेलेली नाही. म्हणून ज्यूल हे नाव कार्यालाच द्यायचं.

टॉर्कला कोनाने गुणलं की मग कार्य मिळतं. रेडियन हे लांबीला लांबीने भागून आलेलं माप, त्याला स्वतःचं एकक नाही, म्हणून न्यूटन-मीटर गुणिले रेडियनचं ज्यूल होतं. आपली होडी पूर्वेकडून दोराच्या रेषेत आली म्हणजे ३६.८७ अंश, म्हणजे ०.६४३५ रेडियन वळली. त्या मुलाने लगेच १५०० × ०.६४३५ करून ९६५ ज्यूल लिहिले. वरचा उभा भाग बाजूला ठेवून, पहिल्याच सपाट ओढीने हे तपासून पाहू.

दोर बांधला आहे नाळेला, म्हणून विस्थापनही नाळेचंच घ्यायचं. नाळ ५ मीटर पूर्वेवरून ४ मीटर पूर्व, ३ मीटर उत्तर अशी आली.

```
d = (4 − 5) i + (3 − 0) j = −1 i + 3 j
W = F · d = (400)(−1) + (300)(3) = 500 J
```

नाळ गोलात फिरली तरी इथे सरळ विस्थापन चालतं, कारण बल सगळ्या वाटेवर तेच होतं. बल बदलत असतं तर वाटेचे तुकडे पाडून बेरीज करावी लागली असती. उत्तर ५०० ज्यूल, ९६५ नाही.

फरक पडला तो टॉर्कमुळे. १५०० हा सुरुवातीचा टॉर्क. होडी वळत गेली तसा तो उतरत शून्यावर आला, आणि मुलाने सुरुवातीचाच आकडा शेवटपर्यंत चालवला. होडी θ ने वळलेली असताना टॉर्क ५ × ५०० × sin(३६.८७° − θ) असतो. त्याची शून्यापासून ३६.८७ अंशांपर्यंत बेरीज, म्हणजे इंटिग्रल, घेतली की येतं:

```
W = 2500 (1 − cos 36.87°) = 2500 (1 − 0.8) = 500 J
```

इंटिग्रल अजून शिकवलं नसेल तर वळणाचे चार समान भाग करा, प्रत्येक भागाच्या मध्यावरचा टॉर्क काढा, त्याला ०.१६०९ रेडियनने गुणा आणि चारही उत्तरांची बेरीज करा. कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचं काम आहे, आणि उत्तर ५०० च्या अगदी जवळ, ५०१ च्या आसपास येतं.